नव्या मुलीला चॅनेलवर घेताना

पूर्वी कचेरीत नवा माणूस रुजू झाला की हेडक्लार्क त्याला घेऊन सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारून आणीत. हे कुलकर्णी आवक-जावक पाहतात, त्या देशपांडेबाई पगारपत्रक करतात, स्टेशनरी हवी असेल तर खाली तळमजल्यावर, आणि साहेबांच्या केबिनमध्ये दार वाजवल्याशिवाय जायचे नाही. पंधरा मिनिटांची ही चक्कर. पण त्या पंधरा मिनिटांत नव्या माणसाला कोणाचा चेहरा हसरा, कोणाचा आंबट, कोणते टेबल फायलींनी भरलेले आणि कोणते रिकामे, हे सगळे आपोआप कळून जाई.

आता पुष्कळ घरांतून निराळेच दृश्य दिसते. मुलगी इंदूरला आपल्या खोलीत बसलेली, कंपनी पुण्याची, वरिष्ठ कोचीत. सकाळी नऊ वाजता संगणक उघडला, की पडद्याच्या डाव्या बाजूला पंधरावीस नावांची रांग दिसते. प्रत्येक नावापुढे आकडा: इतके संदेश वाचायचे राहिले आहेत. आई चहा घेऊन येते आणि विचारते, "काय गं, काम मिळालं का काही?" मुलगी म्हणते, "कोणाला विचारायचं तेच कळत नाही." हे तिसऱ्या दिवशी!

तिची हुशारी कमी पडलेली नसते. तिला टेबलांवरून चक्कर मारून आणणारे कोणी नसते, एवढेच. त्या चकरेची जागा आता एका लेखी टिपणाने घ्यायची असते. कोण काय काम पाहतो, कोणते बोलणे कुठे करायचे आणि इथल्या रीतीभाती काय, हे सांगणारे स्वागताचे टिपण. आपल्यापैकी अनेकांवर असे टिपण लिहिण्याची पाळी येते. कोणी विभागप्रमुख असते, कोणी स्वतःचा लहानसा व्यवसाय चालवते, कोणी संस्थेची चिटणीस असते. म्हणून ते नीट कसे लिहावे, हे एका उदाहरणावरून पाहू.

चॅनेल म्हणजे काय?

स्लॅक नावाची व्यवस्था २०१४ मध्ये बाजारात आली, मायक्रोसॉफ्टची टीम्स २०१७ मध्ये. दोन्हींची कल्पना एकच. कचेरीतले बोलणे विषयवार खोल्यांत वाटून टाकायचे. या खोलीला चॅनेल म्हणतात. सुट्या भागांची एक खोली, तातडीच्या तक्रारींची दुसरी, गप्पाटप्पांची तिसरी. खोलीत जे बोलले जाते ते खोलीतल्या सर्वांना दिसते आणि नंतरही शोधून काढता येते. दोघांतच बोलायचे असेल तर थेट खासगी संदेश असतो.

व्हॉट्सॲपच्या गटापेक्षा हे निराळे आहे, आणि हा निराळेपणाच नव्या माणसाला गोंधळात टाकतो. व्हॉट्सॲपवर सगळे एका ओळीत खाली खाली जात राहते. स्लॅकमध्ये एखाद्या संदेशाला दिलेले उत्तर त्या संदेशाच्या पोटात, एका वेगळ्या धाग्यात ठेवता येते. बाहेरून फक्त "1 reply" एवढेच बारीक अक्षरांत दिसते. नवी मुलगी प्रश्न विचारून मुख्य खोलीकडे डोळे लावून बसते. उत्तर तर पाच मिनिटांत आलेले असते, पण धाग्यात! आपल्याला कोणी विचारत नाही असे वाटून ती हिरमुसते, आणि उत्तर देणाऱ्याला वाटते, साधे आभारही नाहीत. टिपणातील एक ओळ हा गैरसमज वाचवू शकते: "तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच प्रश्नाखालच्या धाग्यात येईल, डावीकडे वर `Threads` लिहिले आहे तेथे ते सापडेल."

घेण्याआधी एकदा मागे वाचा

टिपणाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. स्लॅकच्या चॅनेलवर, अगदी खासगी चॅनेलवरही, नव्या माणसाला घेतले की त्याला तिथले मागचे बोलणे वाचता येते. माणूस आज आला म्हणून खोलीच्या भिंती आज नव्याने रंगवल्या जात नाहीत.

आता विचार करा. ज्या खासगी चॅनेलवर विभागातल्या तिघांनी महिन्यापूर्वी उमेदवारांच्या मुलाखतींबद्दल चर्चा केली, त्याच चॅनेलवर निवडलेल्या उमेदवाराला आपुलकीने घेतले तर? "इंग्रजी कच्चे आहे, पण कमी पगारात येईल" हे वाक्य तिने पहिल्याच दिवशी वाचले तर? पुढे कितीही गोड टिपण लिहा, त्याचा उपयोग नाही. तीच गोष्ट आधीचा माणूस का गेला, याबद्दलच्या कुजबुजीची.

म्हणून नेमणुकीची, पगाराची, कामगिरीच्या मूल्यमापनाची बोलणी पहिल्यापासून वेगळ्या चॅनेलवर ठेवावीत आणि ज्यांना ती बघण्याचे कारण आहे तेवढेच तेथे असावेत. तसे केले नसेल, तर नव्या माणसाला घेण्याआधी मागचे बोलणे स्वतः वाचून पाहावे. नको ते सापडले, तर जुने चॅनेल तसेच ठेवून कामासाठी नवे उघडणे सोपे. संदेश निवडून निवडून पुसत बसण्यात काही तरी राहून जातेच.

हुद्दे नकोत, कामे सांगा

समजा, पुण्यातली एक कंपनी घरगुती पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकते. तिच्या ग्राहकसेवा विभागात अकरा माणसे आहेत, काही पुण्यात, काही कोचीत, काही आपापल्या घरी. बारावी मुलगी इंदूरहून रुजू होते. तिला पहिल्या दिवशी असे स्वागत मिळते: "आमच्या परिवारात तुमचे हार्दिक स्वागत! तुम्हाला सर्व चॅनेलवर घेतले आहे. काही अडचण आल्यास निःसंकोच विचारा." खाली अकरा जणांची नावे आणि हुद्दे. सीनियर मॅनेजर, कस्टमर सक्सेस. लीड, ऑपरेशन्स. असोसिएट, फील्ड कोऑर्डिनेशन.

टिपण प्रेमळ आहे, यात शंका नाही. पण त्यात उपयोगाचे काय आहे?

चौथ्या दिवशी नागपूरहून एका ग्राहकाचा फोन येतो. यंत्र दोनदा दुरुस्त झाले, तरी खालून पाणी गळतेच. आता त्याला पैसे परत हवेत. मुलगी हुद्द्यांची यादी पाहते. हे "कस्टमर सक्सेस"चे काम की "ऑपरेशन्स"चे? की "फील्ड कोऑर्डिनेशन"चे? "निःसंकोच विचारा" म्हटले आहे खरे, पण सर्वांसमोर विचारले तर अडाणी ठरू, ही भीती कोणाला नसते? ती तिघांना तीन खासगी संदेश पाठवते. एक जण सुट्टीवर. दुसरा संध्याकाळी तंत्रज्ञाची फेरी ठरवून टाकतो. तिसऱ्या बाई पैसे परत करण्याचे मंजूर करतात. एकाला दुसऱ्याचे ठाऊक नाही, कारण तिन्ही बोलणी बंद दाराआड झाली. दुसऱ्या दिवशी ज्या ग्राहकाला पैसे परत मिळाल्याचा संदेश गेला, त्याच्याच दारात तंत्रज्ञ पाना घेऊन उभा! ग्राहक फोनवर विचारतो, "तुमच्याकडे एकमेकांशी बोलतात की नाही?" आणि बोलणी कोणाला बसतात, ते सांगायला नको.

चूक कुठे झाली? टिपणात माणसांपासून सुरुवात करून कामाकडे जायला सांगितले. नव्या माणसाच्या हातात असते ते काम, आणि त्याला माणूस शोधायचा असतो. म्हणून टिपण उलट्या बाजूने लिहावे. आधी अडचण, मग ती नेण्याची जागा, मग तिथे ती सोडवणारी व्यक्ती, उत्तराला लागणारा वेळ, आणि उत्तर न आल्यास पुढची पायरी.

याच विभागासाठी टिपण पुन्हा लिहिले तर ते साधारण असे होईल. प्रत्यक्षात ते इंग्रजीत असते आणि त्यात माणसांची नावे असतात. इथे मराठीत देत आहोत आणि नावांच्या जागी त्यांचे काम लिहिले आहे.

> नमस्कार. सोमवारी तुमचा पहिला दिवस. आज तुम्हाला तीनच चॅनेलवर घेतले आहे. बाकीची पुढच्या आठवड्यात, गरजेप्रमाणे.
>
> `#care-team` : रोजचे सगळे काम येथे. ग्राहकाची तक्रार कोणाकडे न्यायची कळत नसेल तर येथेच, तक्रार क्रमांकासह विचारा. सकाळी दहा ते सहा या वेळात अर्ध्या तासाच्या आत कोणी तरी उत्तर देते.
>
> `#help-it` : संगणक, पासवर्ड, हेडफोन. त्याच दिवशी उत्तर मिळते. काम अगदीच अडले असेल तर तसे पहिल्या ओळीत लिहा.
>
> `#announcements` : फक्त वाचण्यासाठी. येथे उत्तर लिहू नये.
>
> कोणाकडे काय: तंत्रज्ञाची फेरी कोचीच्या समन्वयक ठरवतात, दुसरे कोणीही नाही. पैसे परत करण्याचा निर्णय दोन हजार रुपयांपर्यंत आपल्या पाळीप्रमुख घेतात, त्यापुढचा विभागप्रमुख. तुम्ही स्वतः ग्राहकाला यापैकी कशाचेही वचन देऊ नका. "दुपारपर्यंत कळवते" म्हणा आणि `#care-team` वर लिहा. सुटे भाग शिल्लक आहेत का, हे गोदामातले दादा सांगतात. ते दुपारी दोन ते तीन पडद्यासमोर नसतात. रजा आणि पगार यांसाठी मुंबईच्या मनुष्यबळ विभागाला ई-मेल करा, चॅनेलवर नको.
>
> पहिले दोन आठवडे तुमच्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणून आमच्यापैकी एक जण नेमलेली आहे. "हे मूर्खासारखे विचारते आहे का" असे वाटणारे सगळे प्रश्न तिला. रोज साडेपाचला ती तुम्हाला दहा मिनिटांचा फोन करील. तुम्ही करायची वाट पाहणार नाही.

आता नागपूरच्या ग्राहकाचा फोन येऊ द्या. मुलीला हुद्द्यांचे कोडे सोडवावे लागत नाही. ती एकाच ठिकाणी, तक्रार क्रमांक देऊन लिहिते: दोनदा दुरुस्ती झाली, गळती कायम, ग्राहक पैसे परत मागतो, दुपारपर्यंत कळवते असे सांगितले आहे. पाळीप्रमुख त्याच धाग्यात लिहितात की रक्कम मोठी आहे, विभागप्रमुखांना विचारते. कोचीच्या समन्वयकबाईंना ते दिसते आणि त्या तंत्रज्ञाची ठरलेली फेरी रद्द करतात. सगळे एकाच धाग्यात झाले, म्हणून उद्या दुसऱ्या कोणी फोन घेतला तरी मागचा वृत्तान्त त्याच्यासमोर असेल.

या टिपणातील दोन गोष्टींवर थोडे थांबावेसे वाटते. पहिली, "दुसरे कोणीही नाही" आणि "तुम्ही वचन देऊ नका" ही वाक्ये. कोण काय करतो हे सगळेच लिहितात. कोण काय करीत नाही, हे लिहायला संकोच वाटतो, कारण ते उद्धट दिसते. पण नव्या माणसाचे पाय अडकतात ते तिथेच. कोचीच्या बाई नाहीत म्हणून पुण्यातल्या कुणी तरी भल्या माणसाने तंत्रज्ञ पाठवला, की घोळ सुरू.

दुसरी गोष्ट, उत्तराची वेळ. "अर्ध्या तासात" असे लिहिले असेल, तर पंचवीस मिनिटे शांतता असली तरी मुलीच्या पोटात गोळा येत नाही. आणि चाळीस मिनिटे झाली की पुन्हा विचारण्याचा तिला हक्क आहे, हेही तिला ठाऊक असते. वेळ लिहिलेली नसेल, तर ती दोन मिनिटांत अस्वस्थ होते आणि दोन दिवस गप्प बसते. गोदामातल्या दादांची जेवणाची वेळ त्याचसाठी लिहिलेली आहे.

रीतीभाती: थोड्याच, पण कारणासकट

रीतीभातींची यादी लांबवण्याचा मोह सगळ्यांना होतो. चाळीस नियमांचे पत्रक मिळाले की माणूस एकही लक्षात ठेवीत नाही. चारपाच पुरेत, पण प्रत्येकाचे कारण सांगावे.

सर्वांत आधी नमस्काराचे. आपल्याकडे कामाचे बोलण्यापूर्वी विचारपूस करण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण चॅनेलवर किंवा खासगी संदेशात नुसते "नमस्कार मॅडम, एक मिनिट आहे का?" लिहून थांबले की समोरच्या बाई काम बाजूला ठेवून "हो, बोला" लिहितात आणि बसून राहतात. इकडे मुलगी फोनवर गुंतलेली. वीस मिनिटांनी प्रश्न येतो, तेव्हा बाई बैठकीत. नमस्कार आणि प्रश्न एकाच संदेशात लिहावेत. सभ्यता तीच राहते, खोळंबा टळतो. बरेच लोक हा नियम रागावून सांगतात, ते मात्र योग्य नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेली सवय आहे ती. कारण समजावले की ती एका दिवसात बदलते.

मग मोठ्याने हाक मारण्याचे. स्लॅकमध्ये `@channel` लिहिले की त्या चॅनेलवरच्या प्रत्येकाला सूचना जाते, मग तो त्या वेळी कामावर असो वा नसो. `@here` लिहिले की जे त्या वेळी प्रत्यक्ष हजर आहेत त्यांनाच जाते. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर `@here` म्हणजे खोलीत उभे राहून टाळी वाजवणे, आणि `@channel` म्हणजे घरी गेलेल्यांच्या दाराचीही घंटा वाजवणे. नव्या माणसाने पहिल्या महिन्यात दोन्ही न वापरलेले बरे. ज्याच्याशी काम आहे त्याचे नाव लिहावे. मात्र तातडीच्या प्रसंगी कोणी काय वापरायचे, हे टिपणात स्पष्ट हवे. नाही तर खरोखर आग लागली तरी सभ्य माणसे कुजबुजत बसतील.

खुणांचेही तसेच. अनेक कचेऱ्यांतून संदेशाखाली डोळ्यांचे चित्र ठेवले की "मी पाहते आहे" आणि हिरवी बरोबरची खूण ठेवली की "झाले" असा अर्थ घेतात. हे जगभराचे नियम नव्हेत, त्या त्या कचेरीची समजूत असते. एका ठिकाणी अंगठा म्हणजे "करते", दुसऱ्या ठिकाणी नुसते "वाचले". आपल्याकडे काय अर्थ आहे, हे एका ओळीत लिहून टाकावे. अंगठा पाहून काम झाले असे समजलेला ग्राहक दोन दिवस वाट पाहत बसतो, असे घडते.

भाषेचा मुद्दा आपल्या देशात सांगितलाच पाहिजे. विभागात पाच मराठी, दोन मल्याळी, एक बंगाली असली की चॅनेलवर मराठीत टोलेबाजी सुरू व्हायला वेळ लागत नाही. गोडी असते त्यात! पण ज्याला समजत नाही त्याला वाटते, काही तरी आपल्याबद्दलच चालले आहे. त्यातून कामाचा एखादा निर्णयही त्या मराठी गप्पांत होऊन जातो आणि कोचीला कळत नाही. कामाचे बोलणे सर्वांना समजेल अशा भाषेत, आणि आपापल्या भाषेतल्या गप्पांना वेगळे चॅनेल, ही बहुतेक ठिकाणी पटणारी वाटणी आहे. हाक कशी मारायची, हेही लिहावे. काही कचेऱ्यांत सगळे एकमेकांना नुसत्या नावाने बोलावतात. इंदूरहून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीच्या विभागप्रमुखांना नुसत्या नावाने लिहिताना हात थरथरतो. "येथे सर-मॅडम म्हणत नाहीत, पण म्हटलेत तरी कोणी हसणार नाही," एवढे वाक्य तिला मोकळे करते.

रात्रीचे संदेश हा घराघरांतला विषय. वरिष्ठांना अकरा वाजता काही सुचते आणि ते लिहून मोकळे होतात. त्यांना उत्तर सकाळी मिळाले तरी चालणार असते, पण नव्या मुलीला हे कसे कळावे? ती अंथरुणातून उठून संगणक उघडते. स्लॅकमध्ये संदेश आता लिहून उद्या सकाळी जाईल अशी वेळ लावता येते. टिपणात दोन्ही बाजूंनी लिहावे. रात्री आलेल्या संदेशाला सकाळी उत्तर दिले तरी चालते, आणि सहानंतर खरीच निकड असेल तर आम्ही फोन करू. दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. ते नसेल तर पहिल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

जे चॅनेलवर कधीच लिहू नये

नव्या माणसाकडून पहिल्या आठवड्यात पुष्कळ कागद मागितले जातात. आधार, पॅन, बँकेचे खाते, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. घाईत मुली-मुले हे सगळे छायाचित्रे काढून ज्या चॅनेलवर मागितले असेल तिथेच टाकतात. बारा जणांच्या डोळ्यांसमोर ते कायमचे राहते, आणि उद्या रुजू होणारा तेरावाही ते पाहू शकतो. कागद कोठे आणि कोणाकडे पाठवायचे, त्याचा पत्ता टिपणात आधीच हवा. पासवर्ड तर कोणालाही लिहून द्यायचा नाही, संगणक विभागालासुद्धा नाही.

यालाच जोडून एक सावधगिरी. नवी नोकरी लागल्याची बातमी लोक हौसेने समाजमाध्यमांवर टाकतात, आणि भामटे तिच्यावर नजर ठेवून असतात. मोठ्या साहेबांच्या नावाने व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर संदेश येतो: मी बैठकीत आहे, फोन करू नकोस, ताबडतोब अमुक इतक्या रकमेची गिफ्ट कार्डे घे आणि त्यांचे क्रमांक मला पाठव. जुना माणूस हसून सोडून देतो. नव्याने साहेबांची लिहिण्याची ढब पाहिलेली नसते, आणि पहिलीच आज्ञा मोडायची हिंमत कशी व्हावी? "येथे कोणीही, कितीही वरचा असो, संदेशावरून पैसे, गिफ्ट कार्डे किंवा ओटीपी मागत नाही. तसा संदेश आला तर शेजारणीला फोन करा," ही ओळ टिपणात ठळक अक्षरांत असावी. घरच्यांनीही ती वाचलेली बरी.

खासगी संदेशाबद्दल एक गैरसमजही दूर करायला हवा. दोघांतला संदेश इतर सहकाऱ्यांना दिसत नाही हे खरे, पण ती कंपनीची व्यवस्था आहे. काही प्रकारच्या सदस्यत्वात आणि विशिष्ट कायदेशीर परिस्थितीत व्यवस्थापनाला तोही मिळवता येतो. सासूबाईंची तक्रार मैत्रिणीला सांगायची असेल, तर ती स्वतःच्या फोनवर!

टिपण लागू पडले की नाही?

हे ओळखायला परीक्षा घ्यावी लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चॅनेलवर नव्या माणसाचा एकही प्रश्न नसेल, तर त्याला सगळे समजले असा अर्थ बहुधा नसतो. प्रश्न खासगी संदेशांतून एकाच माणसाकडे जात असतात, आणि तो माणूस कंटाळू लागलेला असतो. शेजारणीला विचारले की लगेच कळते. अशा वेळी प्रश्नकर्त्याला टोकू नये. उत्तर देणाऱ्याने म्हणावे, "चांगला प्रश्न आहे, हाच `#care-team` वर टाक, मी तिथेच उत्तर देते." आणि खरोखर तिथेच द्यावे. दोनतीनदा असे झाले की भीड चेपते.

उलट, तोच प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारीत असेल, तर दोष माणसांचा नसून टिपणाचा आहे. रजेचा अर्ज कुठे करायचा, हे तीन जणांनी लागोपाठ विचारले असेल तर ती ओळ टिपणात एक तर नाही किंवा सापडत नाही. बहुतेक टिपणे लिहिली जातात त्या दिवशी बरोबर असतात आणि सहा महिन्यांत चुकीची होतात. गोदामातले दादा दुसऱ्या विभागात गेलेले असतात, आणि टिपणात मात्र दोन ते तीन ते अजून जेवतच असतात. म्हणून शक्य तिथे माणसाच्या नावाबरोबर कामाचे नावही लिहावे. स्लॅकच्या पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वात `@spares` सारखे गटाचे नाव करता येते. माणूस बदलला की गटातले नाव बदलायचे, टिपणाला हात लावावा लागत नाही.

टिपण ठेवायचे कुठे, तेही ठरवावे लागते. चॅनेलवर संदेश म्हणून टाकून वर टाचून ठेवण्याची सोय आहे, पण स्लॅकच्या फुकटच्या सदस्यत्वात २०२२ च्या सप्टेंबरपासून ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत. लहान व्यवसाय बहुतेक फुकटचेच वापरतात आणि एके दिवशी टिपण गेले कुठे म्हणून शोधत बसतात. ते सर्वांना उघडता येईल अशा वेगळ्या दस्तऐवजात ठेवावे आणि चॅनेलच्या माथ्यावर त्याचा फक्त दुवा द्यावा. खाली शेवटची दुरुस्ती केल्याची तारीख घालावी.

दुरुस्ती कोणी करायची? विभागप्रमुखांना ती चूक दिसतच नाही, कारण त्यांना सगळे तोंडपाठ असते. ती दिसते नव्या माणसाला, आणि तीही फक्त पहिल्या पंधरवड्यात. नंतर तोही जुना होतो. तेव्हा इंदूरच्या मुलीला दुसऱ्या शुक्रवारी एक काम द्यावे. टिपण उघडायचे, जे खरे निघाले नाही ते खोडायचे आणि जे कोणी सांगितले नाही ते लिहायचे. आमच्या उदाहरणातील मुलगी बहुधा पहिली ओळ घालील ती "1 reply" वर टिचकी मारण्याची.